परदेशातलं ऑफिस (भाग ६) : 'सर्कल बॅक' म्हणजे हो की नाही?

धाटावच्या एमआयडीसीत बॉयलर-कॉम्प्रेसर सांभाळलेला रोह्याचा इंजिनिअर टेक्सासच्या केमिकल प्लांटमध्ये रुजू झाला, तर यंत्रं त्याला परकी वाटणार नाहीत. अडतं ते मीटिंगमध्ये.

समजा, त्याने ऊर्जाबचतीची तीन कामं सुचवली : हवेच्या लाइनींमधल्या गळत्या बंद करणं, बिघडलेले स्टीम ट्रॅप बदलणं आणि जुना बॉयलर काढून नवा बसवणं. मॅनेजर म्हणतात, "ग्रेट! आधी लो-हँगिंग फ्रूट घेऊ. बॉयलरवर सर्कल बॅक करू." आपला गडी खूश होतो आणि बॉयलरची कोटेशनं मागवायला बसतो. पण मॅनेजरांनी सांगितलं होतं नेमकं उलट.

लो-हँगिंग फ्रूट म्हणजे शिडी न लावता तोडता येणारं फळ. ऑफिसात त्याचा अर्थ, थोड्या खर्चात आणि मोठी मंजुरी न घेता लगेच फायदा देणारं काम. 7 बारच्या हवेच्या लाइनला 3 मिलिमीटरचं भोक असेल, तर त्यापायी कॉम्प्रेसर सुमारे तीन-चार किलोवॅट वीज खातो, तीही रात्रंदिवस. आणि ते बुजवायला बहुतेक वेळा एक फिटर पुरतो. स्टीम ट्रॅप उघडाच अडकला, की वाफ काम न करता कंडेन्सेटच्या लाइनीतून निघून जाते. तेव्हा ही दोन कामं आजच हातात घ्यायची, असा तो आदेश होता. मात्र सहकाऱ्याने राबून केलेल्या कामाला हा शब्द लावू नका. 'यात काय मोठंसं!' असं त्याला ऐकू येतं.

सर्कल बॅकचं प्रकरण जरा फसवं आहे. शब्दशः 'या विषयाकडे पुन्हा येऊ', पण येतीलच असं नाही. ओळखायचं कसं? तारीख आणि माणूस शोधा. "गुरुवारपर्यंत मी सर्कल बॅक करतो" हा शब्द दिलेला आहे. गुरुवार उलटला तर खुशाल आठवण करून द्या. "कधीतरी सर्कल बॅक करू" म्हणजे आपल्या सरकारी भाषेतलं 'बघू'. बॉयलरला ना तारीख मिळाली, ना माणूस. त्याला भांडवली खर्चाची मंजुरी लागते आणि ती मॅनेजरांच्या एकट्याच्या हातात क्वचितच असते.

अशा वेळी गप्प बसू नये आणि हट्टालाही पेटू नये. मीटिंग संपल्यावर दोन ओळींची मेल टाकावी : 'गळत्या आणि ट्रॅपचं काम सुरू करतोय. बॉयलरचा विषय पुढच्या बजेटच्या चर्चेत घ्यायचा का? आकडे कोणाकडे देऊ?' उत्तरात नाव आलं तर विषय जिवंत आहे. 'नंतर बघू' आलं, तर कोटेशनांवर वेळ घालवू नका.

लंडनला बदली झाली तर आणखी एक शब्द जपून ऐका. विषय 'टेबल' करणं म्हणजे अमेरिकेत तो बाजूला ठेवणं, तर ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं.