शाफ्टच्या पोटातला दोष, पाठीवरची चीर

साखर कारखान्यातल्या मिल रोलरचा शाफ्ट फोर्जिंगचा असतो. समजा, त्याचा व्यास 400 मिलिमीटर आहे. अल्ट्रासॉनिक तपासणीत घासून साफ केलेल्या अंगाला तेल किंवा ग्रीस लावून त्यावर प्रोब टेकवतात. तेल नसेल तर मधल्या हवेमुळे ध्वनी आत शिरतच नाही. शाफ्ट निर्दोष असेल तर पडद्यावर पलीकडच्या बाजूचा प्रतिध्वनी 400 वर ठसठशीत उभा राहतो. 190 ते 210 च्या दरम्यान बारीक टोकांचा घोळका दिसला आणि 400 चे टोक खचले, तर गाभ्यात हायड्रोजनमुळे पडलेल्या बारीक चिरांचा संशय घ्यावा. मात्र प्रोब नीट टेकला नसला तरी ते टोक खचते, म्हणून आधी तेल लावून पुन्हा पाहायचे.

हाच प्रोब जर्नलच्या पायरीशी, जिथे व्यास बदलतो, तिथली उथळ आडवी चीर सहज चुकवतो. ध्वनी तिला समांतर जातो, तिच्यावर आपटत नाही. तिथे चुंबकीय कण लागतात. शाफ्टभोवती कॉइल गुंडाळून प्रवाह सोडला की चुंबकरेषा लांबीच्या दिशेने धावतात, आडव्या चिरेपाशी बाहेर फुटतात आणि लोखंडाची बारीक पूड तिथे काळी रेघ धरते. उभ्या चिरेसाठी प्रवाह शाफ्टमधूनच सोडावा लागतो. घाईत हे दुसरे चुंबकन टाळणे मला अक्षम्य वाटते. पृष्ठभागाखाली दोन-तीन मिलिमीटरपलीकडचे मात्र या पुडीला काही कळत नाही.