‘आणखी एक गोळी देऊ का?’

“सासऱ्यांचं बीपी 170/100 आलंय. सकाळची गोळी घेतलीय त्यांनी. आता आणखी एक देऊ का?”

रविवारी रात्री हा प्रश्न ज्यांना विचारला जातो ते सगळे डॉक्टर नसतात. कुणी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टर असतात, कुणी औषधाच्या दुकानात काम करणारा शेजारचा मुलगा, कुणी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला असलेली भाची. घरात ‘मेडिकलमधलं कळणारं’ एक माणूस असतं आणि फोन त्यालाच जातो. आम्हा डॉक्टरांनाही लग्नात, प्रवासात, फोनवर असेच प्रश्न येतात. तेव्हा पेशंट समोर नसतो, त्याची फाइल नसते, बीपी कुणी आणि कसं मोजलं तेही ठाऊक नसतं.

अशा वेळी तीन उत्तरं पटकन तोंडात येतात. पहिलं, “अर्धी गोळी द्या.” दुसरं, “एवढं काही नाही, झोपू द्या त्यांना.” तिसरं, “मी काही सांगू शकत नाही, डॉक्टरांना दाखवा.” पहिलं उत्तर मर्यादा ओलांडतं, हे कुणालाही पटेल. माझ्या मते दुसरंही तितकंच ओलांडतं. पेशंटला न पाहता ‘काही नाही’ म्हणणं म्हणजे न तपासता निदान करणंच आहे. तिसरं उत्तर सुरक्षित वाटतं खरं, पण त्यात सुरक्षित राहतो तो उत्तर देणारा. रविवारी रात्री सुनेच्या हातात गोळ्यांची पट्टी आहे आणि समोर घाबरलेलं घर आहे. तिला काहीच मिळालं नाही, तर दहा मिनिटांनी ती गोळी देऊन मोकळी होते.

मग सांगायचं काय? सुरुवात गोळीपासून करायचीच नाही. पहिला प्रश्न बीपीच्या आकड्याबद्दलही नसावा, माणसाबद्दल असावा. “बाबा नेहमीसारखे बोलताहेत का? हसल्यावर तोंड एका बाजूला जातंय का? दोन्ही हात सारखे वर उचलता येतात का? छातीत दुखतंय, दम लागतोय, एकदम अंधुक दिसतंय, आजवर कधी झालं नव्हतं इतकं डोकं दुखतंय, असं काही आहे का?” यातलं एकही उत्तर बिघाड दाखवणारं आलं, की पुढची चर्चा तिथेच थांबवायची. 108 ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात न्या, हे ठामपणे सांगायचं. इथे ‘बहुतेक’, ‘वाटल्यास’ असे शब्द वापरायचे नाहीत. पक्षाघाताची शंका असेल तर आणखी दोन गोष्टी सांगायच्या. तोंडाने काहीही देऊ नका, कारण गिळण्याची ताकद गेलेली असू शकते आणि गोळी-पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि बाबा शेवटचे धडधाकट किती वाजता दिसले होते ती वेळ लक्षात ठेवा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि डॉक्टर ते घड्याळ त्या वेळेपासून मोजतात.

‘आणखी एक गोळी’ नेमकी याच ठिकाणी घातक ठरते. पक्षाघात होत असताना बीपी चढतं, कारण अडलेल्या भागापर्यंत रक्त पोचावं म्हणून शरीर जोर लावत असतं. त्या वेळी घरी बीपी उतरवायला गेलं, तर उरलासुरला पुरवठाही तुटू शकतो. पूर्वी बीपी वाढलं की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची सर्रास पद्धत होती. आकडा भराभर खाली यायचा, घरचे खूश व्हायचे. पण अशा एकदम उतरलेल्या बीपीने काही रुग्णांना हार्ट अटॅक आणि पक्षाघात झाल्याच्या नोंदी झाल्या आणि 1990च्या दशकात वैद्यकाने ही पद्धत टाकून दिली. ‘जिभेखालची गोळी द्या’ हा सल्ला लोकांच्या तोंडी मात्र अजून आहे. तो ऐकू आला तर तिथल्या तिथे अडवावा.

समजा, सगळ्या प्रश्नांची उत्तरं ठीक आली. सासरे सोफ्यावर बसून बातम्या बघताहेत, जेवण झालंय, काही त्रास नाही. आता आकड्याकडे वळायचं. इथे बरंच काही मोकळेपणाने सांगता येतं, कारण बीपी नीट मोजण्याची पद्धत सगळ्यांना एकच आहे. चहा, तंबाखू, जिना चढणं यानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसावं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला आणि उघड्या दंडावर पट्टा. मोजताना बोलायचं नाही, टीव्ही बंद. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टींनी आकडा बराच हलतो. हात नुसता लोंबकळत असेल तर वरचा आकडा सहा-सात अंकांनी जास्त येऊ शकतो, मोजताना गप्पा चालू असतील तर दहापर्यंत. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर फरक आणखी वाढतो. आणि घरात सगळे घाबरून मशीनभोवती उभे असताना पुन्हा पुन्हा मोजलं, तर बीपी चढतच जातं.

यानंतर कारणांची चौकशी. सकाळची गोळी खरंच पोटात गेली का, की पट्टीत तशीच आहे? गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन चालू आहे का? सर्दीची गोळी घेतली का? वेदनाशामक गोळ्या आणि नाक मोकळं करणारी सर्दीची औषधं, दोन्हींनी बीपी वाढतं आणि ती औषधं दुकानातून सहज आणली जातात. माझ्या अनुभवात ‘बीपीची गोळी लागू पडत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी जणांच्या पिशवीत अशीच एखादी पट्टी निघते. ही चौकशी करणं म्हणजे उपचार करणं नव्हे. डॉक्टरांना जे कळायला हवं ते सुनेच्या लक्षात आणून देणं एवढंच आहे.

मर्यादेची रेषा यापुढे सुरू होते, आणि ती का आहे हे सुनेला सांगितलं तर ती ऐकते. नुसतं ‘देऊ नका’ म्हटलं तर कदाचित ऐकणार नाही. धरून चालू, की बाबांची गोळी अम्लोडिपिनची आहे. रक्तातली तिची पातळी सर्वांत वर पोचायला सहा ते बारा तास लागतात. म्हणजे आता दिलेली गोळी तासाभरात आकडा उतरवणार नाही, उद्या पहाटे मात्र दुहेरी असर दाखवू शकेल. बाबा अंधारात बाथरूमला जायला उठतील, तेव्हा चक्कर येऊन पडण्याची भीती. गोळी टेल्मिसार्टनची असेल तर मूत्रपिंड आणि रक्तातलं पोटॅशियम कसं आहे ते बघावं लागतं. अटेनोलॉल असेल तर नाडी किती आणि दमा आहे का, हे पाहावं लागतं. यातलं काहीही फोनवर 170/100 एवढं ऐकून कळत नाही. डोस ठरवण्यासाठी लागणारी ही माहिती त्यांच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये आहे, म्हणून डोसही त्यांनीच ठरवायचा.

आपल्याकडच्या नियमांतही ही विभागणी आहे. केंद्र सरकारने मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. दुरून बोलताना डॉक्टर आरोग्यशिक्षण देऊ शकतो, एखाद्या रुग्णाला त्याच्या आजाराबाबत समुपदेशन करू शकतो आणि औषध लिहून देऊ शकतो, पण या तीन वेगवेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. औषध लिहायचं तर निदान किंवा किमान तात्पुरतं निदान हातात हवं, आणि रुग्णाचं वय विचारलेलं हवं. निदानाशिवाय औषध लिहिणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. नोंदणीकृत डॉक्टरावर एवढी बंधनं असतील, तर सिस्टर, भाची किंवा दुकानातल्या मुलाने आरोग्यशिक्षणाच्या अंगणातच राहावं. ते अंगण लहान नाही, हे वरच्या चौकशीवरून दिसलंच.

मग फोनवर प्रत्यक्ष काय बोलावं? मी साधारण असं बोलेन: “बोलणं, चालणं नीट आहे आणि छातीत दुखत नाही, म्हणजे या क्षणी पळापळ करायची गरज दिसत नाही. पण मी त्यांना पाहिलेलं नाही, तेव्हा रात्रीतून वर विचारलेलं काहीही झालं तर थांबू नका, लगेच हलवा. आता जास्तीची गोळी देऊ नका. टीव्ही बंद करून पाच मिनिटं शांत बसवा, दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे वेळेसह लिहून ठेवा. 180/120 किंवा त्याच्या वर येत राहिलं, तर त्रास नसला तरी आज रात्रीच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. खाली आलं तरी उद्या सकाळी डॉक्टरांना कळवा. गुडघ्याची गोळी चालू आहे, हे त्यांना आवर्जून सांगा.”

यात ‘काळजी करू नका’ हे शब्द नाहीत. जे कळलंय तेवढ्यापुरताच दिलासा आहे, आणि तो कधी रद्द समजायचा तेही सांगितलंय. शेवटची खात्री म्हणजे सुनेकडून ते सगळं परत वदवून घ्यायचं. “काय काय करणार ते सांग बघू,” एवढं म्हणायचं. घाबरलेल्या माणसाला अर्धं ऐकू येतं आणि ‘गोळी देऊ नका’मधला ‘नका’ गळून पडलेला मी ऐकलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी 150/90 आलं, तर ‘उतरलं की’ म्हणून विषय सोडू नये. घरी मोजलेलं बीपी सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त असेल तर ते वाढलेलं धरतात. दवाखान्यातली मर्यादा 140/90 आहे, घरची थोडी कमी. एका रात्रीच्या आकड्यावरून डॉक्टर सहसा औषध बदलत नाहीत. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजलेले आकडे लिहून आणले, तर पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढून ते ठरवू शकतात. सुनेला ही वही घालायला सांगणं ही तिला करता येण्याजोगी सगळ्यात मोठी मदत आहे.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला, ज्याच्या घरी बीपीची गोळी चालू आहे, एक विनंती. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: किती आकड्याला तुम्हाला फोन करू, एखादी गोळी चुकली तर काय करू, आणि दुखण्यासाठी कोणती गोळी चालेल. उत्तरं त्यांच्याच अक्षरात फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या आणि दवाखाना बंद असताना कुठे जायचं तो पत्ताही तिथेच लिहा.