उद्घाटनाआधीच्या पाच ओळी

दुकान उघडण्याच्या दिवसाकडे सरकत जाणाऱ्या मजकुरांच्या मालिकेत आकडा दिसायला सर्वांत ठळक असतो आणि शिळाही तोच आधी होतो. ‘फक्त ३ दिवस बाकी’ एवढेच लिहिलेले चित्र इन्स्टाग्रामवर टाकले, तर काहींना ते त्याच दिवशी दिसते आणि काहींना दोन दिवसांनी, कारण तिथला क्रम काटेकोरपणे वेळेनुसार नसतो. नंतर पाहणारा त्या दिवसापासून तीन दिवस मोजतो आणि उद्घाटन होऊन गेल्यावर दुकानाच्या दारात येतो. व्हॉट्सअॅपचे स्टेटस २४ तासांत नाहीसे होते, म्हणून तिथे हा घोळ कमी. पण त्याचाच स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर फिरू लागला की आकडा पुन्हा फसवतो. म्हणून प्रत्येक मजकुरात ‘किती दिवस बाकी’ याच्याबरोबर वार आणि तारीख लिहावीच लागते.

उदाहरणासाठी साताऱ्यात राजवाड्याच्या परिसरात भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला विकणारे एक छोटे दुकान कल्पून पाहता येईल. उद्घाटन दसऱ्याला. मुहूर्ताइतकेच याला व्यवहाराचेही कारण आहे: दसऱ्यानंतर साधारण वीस दिवसांनी दिवाळी येते आणि चकलीच्या भाजणीची चौकशी याच दिवसांत सुरू होते. त्या वर्षी दसरा मंगळवारी आहे असे धरू. रोज एक मजकूर टाकला तर सांगण्यासारखे लवकर संपते आणि उरतो तो नुसता आकडा. पाच मजकूर पुरतात: सात, चार, दोन आणि एक दिवस आधी, आणि पाचवा उद्घाटनाच्या सकाळी.

पहिल्या मजकुराने, म्हणजे आदल्या मंगळवारी, काय, कुठे आणि कधी एवढेच सांगावे. ‘चकलीची भाजणी, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. दसऱ्याला, मंगळवारी सकाळी १० वाजता, राजवाड्यामागे दुकान उघडतंय. ७ दिवस राहिले.’ इन्स्टाग्रामवर मजकूर लांब असेल तर सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो, बाकीचा उघडावा लागतो. म्हणून जिन्नस आणि दिवस आधी, आकडा शेवटी. ‘काहीतरी खास येतंय, ओळखा पाहू’ अशी सुरुवात मोठ्या कंपनीला परवडते, कारण तिचे नाव लोकांना आधीच ठाऊक असते. गल्लीतल्या नव्या दुकानाच्या बाबतीत वाचणाऱ्याला ओळखायला काहीच हाताशी नसते आणि सातातला एक दिवस वाया जातो.

शुक्रवारचा दुसरा मजकूर विश्वासाचा असतो आणि पाचांत सर्वांत जास्त मेहनत त्यावर घ्यावी. ‘ताजी’, ‘घरगुती’, ‘उत्तम’ हे शब्द प्रत्येक पुडीवर छापलेले असतात. कृतीतला एक खरा तपशील मात्र दुसऱ्याला उसना घेता येत नाही. ‘तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धने, जिरे. आमच्याकडे प्रत्येक जिन्नस वेगळा भाजतात, कारण धान्याला लागते तेवढी आच जिऱ्याला दिली तर ते करपतं. मंगळवारी, दसऱ्याला भेटू. ४ दिवस.’ भाजणी करणाऱ्या बाईला हे वाचताच दुकानदाराला काम कळते की नाही, ते समजते. बरोबर कढईतल्या भाजणीचा खरा फोटो हवा, कुठूनतरी उतरवलेला नको.

रविवारी वजन आणि भाव. ‘चकलीची भाजणी अर्धा किलो १६० रुपये. दसऱ्यासाठी २० किलो तयार आहे. मंगळवारी सकाळी १० पासून.’ माल खरोखर तेवढाच असेल तरच आकडा लिहावा. सोमवारचा मजकूर वाट दाखवतो: कोणत्या दुकानाच्या शेजारी, गाडी कुठे लावायची, गूगल पे चालते की रोख आणावी लागेल. त्यात ‘उद्या’ हा शब्द एकटा नको, ‘उद्या, मंगळवारी’ असे हवे. मंगळवारी सकाळी उघड्या शटरचा फोटो आणि दोनच वाक्ये: ‘दुकान उघडलं. रात्री ८ पर्यंत आहोत.’

मालिका नीट चालली आहे का, हे आलेल्या प्रश्नांवरून कळते. पहिल्या मजकुरानंतर ‘कुठे आहे?’ असे विचारणारे जास्त असतील, तर पत्ता नजरेत भरलेला नाही. तो पुढच्या मजकुरात पहिल्या ओळीत आणावा. ‘एक किलो ठेवाल का?’ असा एक निरोप शंभर बदामांपेक्षा जास्त सांगतो.

सर्वांत मोठा धोका तारीख हुकण्याचा. अन्नपदार्थांच्या दुकानाला एफएसएसएआयची नोंदणी लागते, शिवाय वीजजोडणी, फलक आणि पाकिटांची छपाई यांतले काहीही अडू शकते. त्यामुळे ही कामे हातात आल्याशिवाय ‘७ दिवस’ लिहू नये. तरीही दिवस पुढे गेलाच, तर जुने मजकूर काढून टाकावेत, नवा वार आणि नवी तारीख एकाच मजकुरात कारणासह सांगावी. नव्याने मोजणी सुरू करू नये. दुसऱ्यांदा ‘७ दिवस बाकी’ वाचणारा त्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही.