चुडाच्या बुडाशी पाहिलं का?

सकाळी ७.४५
शटर वर जातं. लाखांदूरच्या मुख्य रस्त्यावरचं हे एक कृषी केंद्र. आत खताच्या पोत्यांचा आणि औषधांचा मिसळलेला वास. सप्टेंबर संपत आलाय. हलके धान निसवले, भारी धान गर्भात आहेत. रात्री पाऊस झाला, पण उकाडा गेला नाही. अशी दमट हवा तुडतुड्यांना मानवते, म्हणून हे दोन-तीन आठवडे दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते.

मालक पन्नाशीचे. सारा तालुका त्यांना भाऊ म्हणतो. हाताखालचा पोरगा कृषी पदविका करून जूनमध्ये लागला. पगार महिना नऊ हजार. तो झाडतो, पाणी मारतो, अंगठ्याचं मशीन चार्जिंगला लावतो आणि काउंटरवर एक वही उघडून ठेवतो. वहीत त्याने स्वतः प्रश्न लिहून काढलेत: वाण कोणतं, रोवणी कधीची, एकर किती, खत किती दिलं, पाणी किती भरलंय, आधी काय फवारलं. अकरा प्रश्न. मेहनतीने केलेली यादी आहे. कॉलेजात हेच शिकवतात, आणि त्यात चूक काही नाही.

सकाळी ८.३०
पहिलं गिऱ्हाईक. चप्राडकडून सायकलवर आलेला माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायाला चिखल.

“तुडतुड्याची दवा द्या. चट्टे पडून रायले.”

पोरगा वही ओढतो. वाण कोणतं? रोवणी कोणत्या तारखेची? युरिया किती हप्त्यांत दिला? पहिल्या दोन प्रश्नांना माणूस नीट उत्तरं देतो. तिसऱ्याला थोडं थांबतो. चौथ्यापासून तो नुसता “हो, हो” म्हणायला लागतो. पाणी किती आहे? हो, आहे. आधी फवारणी केली होती? हो, केली असंल. एकर? दोन धरा. मघाशी तो दीड म्हणाला होता.

मी स्टुलावर बसून हे बघतो आहे. चौथ्या प्रश्नापासूनची उत्तरं सुटका करून घेण्यासाठी दिलेली आहेत. पोरगा मात्र ती तितक्याच विश्वासाने लिहून घेतो. अशा उत्तरावर दिलेला डोस हाही अंदाजच. फक्त तो अंदाज आहे हे आता कुणालाच कळणार नाही.

सातव्या प्रश्नाला माणूस भडकतो. “दवा देतं का चौकशी करतं? मजूर बांधीत उभे हायेत माहे.” सायकल वळते. समोरच दुसरं दुकान आहे.

सकाळी ८.५०
भाऊ पोराला रागवत नाहीत. वही हातात घेऊन एकेका ओळीवर बोट ठेवतात.

“वाण सांगितलं असतं त दवा बदलली असती का?”

“नाही.”

“रोवणीची तारीख?”

“... नाही.”

“मंग उत्तर कोनतंही आलं तरी पुडी तेच देनार होता ना? विचारलं काहून?”

अकरातले नऊ प्रश्न असे खोडले जातात. एकर राहतो, कारण पुड्या किती ते त्यावर ठरतं. आधी काय फवारलं हे राहतं, कारण तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं की किडीला सवय होते. तिसरा भाऊ स्वतः लिहितात आणि सगळ्यात वर लिहितात: चुडाच्या बुडाशी पाहिलं का?

तपकिरी तुडतुडा पानावर दिसत नाही. तो बुडाशी, पाण्याच्या वर बोटभर, खोडाला चिकटून रस पितो. चूड हलवला की पाण्यावर पडतो. वरून बघणाऱ्याला नुसतं पिवळं पडलेलं धान दिसतं. आणि धान पिवळं पडायला चार-पाच कारणं असतात.

सकाळी १०.१५
त्यातलंच एक कारण घेऊन एक म्हातारे बाबा येतात. त्यांना युरिया हवाय, दोन पोती. ४५ किलोचं पोतं, २६६ रुपये ५० पैसे. “धान पिवरं पडलं जी. खत कमी झालं.”

इथे न विचारता देणं सगळ्यात सोपं होतं. बाबांनी नेमकं काय हवं ते सांगितलंय, पैसे हातात आहेत. पण भाऊ विचारतात, “पान आनलं का, बाबा?” बाबांनी धोतराच्या सोग्यात दोन पानं आणलीत. टोकापासून खाली, कडेकडेने वाळलेली, कड नागमोडी. भाऊ पान आडवं कापतात आणि काचेच्या पेल्यात, स्वच्छ पाण्यात, कापलेलं टोक खाली करून धरतात. पाच मिनिटं कुणी बोलत नाही. मग कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार पाण्यात उतरते.

कडाकरपा. जिवाणूचा रोग. यात युरिया दिला तर तो आणखी पसरतो. रोवणीची तारीख, खताचे हप्ते, काही विचारावं लागलं नाही. पानाने सांगितलं.

युरियाची विक्री रद्द. “पानी काढा, पन शेजारच्या बांधीत सोडू नका. युरिया बंद.” कॉपर ऑक्सिक्लोराइडचा एक पुडा जातो. पाचशेहून जास्तीची विक्री गेली, दीडेकशेची झाली. बाबा पेल्यातलं पाणी पुन्हा एकदा उजेडात धरून बघतात आणि मगच निघतात.

दुपारी १२.४०
एक मावशी येतात. पदरात गुंडाळलेली रिकामी बाटली. “घरधन्यानं हेच आनायला सांगितलं.”

पोरगा आता शहाणा झालाय. विचारायचं नाही, द्यायचं. तो तीच बाटली फळीवरून काढतो. भाऊ रिकामी बाटली फिरवून बघतात. बिस्पायरीबॅक सोडियम. तणनाशक. रोवणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, जुलै-ऑगस्टात मारायचं. आता धान गर्भात असताना ते कुणी नेत नाही.

मावशींना विचारण्यात अर्थ नाही. बांधीत काय झालंय ते त्यांना सांगितलेलंच नाही. चार प्रश्न विचारले तर त्या ओशाळतील आणि काहीतरी बोलून जातील. भाऊ फक्त एक मागतात: नंबर. पलीकडून नवरा सांगतो, खोडकिड्याची दवा पाहिजे, पोराने वळचणीतली भलतीच बाटली आईच्या हाती दिली.

एक फोन, एक मिनिट. मागणी साफ होती, पण हंगामाशी जुळत नव्हती. तेवढ्यावरूनच भाऊ थांबले.

दुपारी २.३०
गर्दी ओसरते. दहा रुपयांचा चहा येतो. त्यातच विरलीकडचा एक तरुण शेतकरी घाईत आत शिरतो. एसटी गाठायची आहे. “किडे उडून रायले, दोन-चार जागी पिवळं दिसते. जोरदार काही द्या.”

पोराचा हात पायरेथ्रॉइडच्या बाटलीकडे जातो. स्वस्त आहे, अळीला पटकन पाडते. भाऊ तो हात धरतात. तुडतुडा असेल तर ही बाटली उलटी पडते. तुडतुडे खाणारे कोळी मरतात, उरलेले तुडतुडे जोमाने वाढतात, आणि दहा दिवसांत भाजल्यासारखे गोल चट्टे दिसतात. २०१७ साली बोंडअळीबरोबर धानावरच्या तुडतुड्यांसाठीही सरकारला मदत जाहीर करावी लागली होती. तो हंगाम इथे कुणी विसरलेलं नाही.

“बुडाशी पायलं का?”

“नाही पायलं जी.”

आता काय? बघून या म्हटलं तर त्याचा आजचा दिवस गेला. उद्या परत भाडं, परत खाडा. खरंच तुडतुडा असेल तर उशीर महाग. भाऊ अंदाज बांधतात. हवा दमट, धान भारी, गेल्या महिन्यात युरिया गेलेला. तुडतुडा असण्याची शक्यता जास्त. पायमेट्रोझिनची पुडी काढतात, १२० ग्रॅम, एकराला एक. साडेसहाशे रुपये.

आणि अंदाज तोंडाने सांगतात. “मी तुडतुडा धरून देऊन रायलो. घरी जाऊन वीस चुडं हलवून पाय. एका चुडात दहाच्या आसपास पडले त मार. कमी पडले त पुडी फोडू नको, घेऊन ये, पैसे वापस.”

पंप किती लागतील हेही विचारत नाहीत. बादलीत दहा पेले पाणी घे, पुडी त्यात विरघळव, दर पंपाला एक पेला घाल, दहा पंपांत एकर संपव. पंधरा लिटरचा पंप धरलाय. इथे बहुतेकांकडे तोच असतो, सोळाचा असला तरी बिघडत नाही. नळी बुडाकडे धर, पानावर नको.

नाव, गाव, बॅच नंबर. हे बिलाला कायद्याने लागतं, म्हणून ते शेवटी, पैसे मोजता मोजता. पिशवीत एक मास्क आणि हातमोजे न विचारताच टाकले जातात. “मास्क हवा का?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं: नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधेने २०हून अधिक माणसं गेली. ज्या प्रश्नाचं ‘नको’ इतकं महाग पडतं तो प्रश्नच भाऊ ठेवत नाहीत. दहा रुपयांचा मास्क दुकानाच्या खात्यावर.

दुपारी ४.००
दोन तास नुसता युरिया. अंगठा, नाही लागला, पुसा, पुन्हा लावा. चिखलात काम करून झिजलेल्या बोटांना मशीन ओळखत नाही. इथे ना प्रश्न ना अंदाज, नुसता धीर लागतो.

पोरगा मधल्या वेळात तिघांना औषध देतो. पहिल्याला एकच प्रश्न. दुसऱ्याला एकही नाही. त्याने तुडतुडे बाटलीत भरूनच आणलेत. तिसऱ्याला तो सांगतो, “दीड एकर धरून देतो, कमी-जास्त असंल त आत्ताच बोला.” माणूस लगेच म्हणतो, “नाही बा, एकच हाय.” सकाळी एकर विचारल्यावर खरा आकडा मिळाला नव्हता. आता चुकीचा आकडा ऐकून माणसाने स्वतःच दुरुस्त केला.

संध्याकाळी ६.१०
विरलीचा तरुण मोटरसायकलवर परत येतो. मागे त्याचा भाऊ बसलेला. पुडी न फोडलेली.

“वीस चुडं पायले. तीन-चारच पडतेत. काहीत एकही नाही.”

म्हणजे अंदाज चुकला. निदान आज तरी. भाऊ गल्ल्यातून साडेसहाशे काढून देतात. पाणी दोन-तीन दिवस काढून ठेव, परवा पुन्हा मोज, असं सांगतात. पोरगा स्टॉक रजिस्टर उघडतो, सकाळच्या आवकेखाली बॅच नंबर बघून ‘परत’ लिहितो आणि पुडी फळीवर ठेवतो. मास्क आणि हातमोजे तरुणाने आणलेले नाहीत. ते कुणी मागतही नाही.

“परवा मोजल्यावर फोन कर,” भाऊ म्हणतात. “दहा झाले त पुडी एसटीनं पाठवतो. यायचं काम नाही.”