इटलीची पगारचिठ्ठी मराठीत उतरवताना

कल्याणहून गाडी कर्जतच्या दिशेने निघाली, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशने एकामागून एक येतात. या पट्ट्यातल्या कारखान्यांत नोकरी केलेल्या माणसाला पगाराची स्लिप वाचायला कुणी शिकवावे लागत नाही. पी. एफ. किती कापला, ई. एस. आय. किती गेला, प्रोफेशन टॅक्सचे दोनशे रुपये फेब्रुवारीत तीनशे का झाले, हे सारे त्याला तोंडपाठ असते. आता गंमत अशी, की परदेशची स्लिप हाती आली म्हणजे नेमके हेच ज्ञान त्याला चकवते. ते कसे, हे आज एका उदाहरणावरून पाहू.

समजा, अंबरनाथला फिटरचे काम शिकलेला एक तरुण इटलीतल्या एका लहान कारखान्यात तीन वर्षे नोकरी करून बदलापूरला परत आला. येताना त्याने छत्तीस महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या जपून आणल्या. इटलीत या चिठ्ठीला ‘बुस्ता पागा’ म्हणतात. पगारातली प्रत्येक बाब आणि प्रत्येक कपात दाखवणारी चिठ्ठी मालकाने दिलीच पाहिजे, असा तिथे १९५३ सालापासून कायदा आहे. आपल्या दप्तरासाठी तिचे मराठी करून ठेवावे म्हणून तो मामांकडे जातो. मामांची सारी नोकरी हिशेबखात्यात गेलेली. ते चष्मा लावतात आणि पहिल्याच ओळीला थबकतात.

“अरे, महिन्याला एक युरो साठ पैसे पगार? आणि तेवढ्यासाठी तू एवढ्या लांब गेलास?”

“मामा, तसं नाही. तिथं टिंब हजारासाठी देतात आणि स्वल्पविराम दशांशासाठी. तुम्ही वाचताय ते १.६००,०० म्हणजे आपले सोळाशे युरो.”

भाषांतराची पहिली पायरी ही अशी अगदी साधी आहे. आकडे आधी आपल्या पद्धतीने लिहून घ्यावे आणि मग शब्दांकडे वळावे. सोळाशे हा ‘लोर्दो’, म्हणजे कपातीपूर्वीचा पूर्ण पगार. चिठ्ठीच्या तळाशी असलेला ‘नेत्तो’ म्हणजे हातात पडणारी रक्कम. या दोहोंच्या मध्ये ‘त्रात्तेनूते’, म्हणजे कपाती, असतात.

पहिली कपात ‘कोंत्रिबूती इन्प्स’ या नावाची. इन्प्स ही इटलीची राष्ट्रीय सामाजिक विमा संस्था. बहुतेक खासगी नोकरांकडून ती पगाराच्या ९.१९ टक्के घेते आणि काही उद्योगांत थोडे अधिक. सोळाशेवर हे १४७ युरो झाले. मामांनी लगेच शेजारी लिहिले, ‘पी. एफ.’ इथे पहिली मोठी चूक झाली.

पी. एफ. हे आपल्या नावावर साठलेले पैसे. नोकरी सुटल्यावर नियमाप्रमाणे अर्ज करून ते काढता येतात. इन्प्सला गेलेले पैसे तसे परत मिळत नाहीत, कारण ती पेन्शनची वर्गणी आहे. म्हणून ‘सामाजिक विम्याचे अंशदान, कामगाराचा वाटा’ एवढेच मराठी करावे. त्यात ‘कामगाराचा वाटा’ हे शब्द गाळू नयेत. चिठ्ठीवर दिसतात ते १४७ युरो, पण पेन्शनसाठी मालक आणखी २३.८१ टक्के भरतो. दोन्ही मिळून ३३ टक्के होतात. म्हणजे आपल्या फिटरच्या नावावर दरमहा ५२८ युरोंची पेन्शनची नोंद चढत गेली.

“पण तीनच वर्षांवर पेन्शन कोण देणार?” मामा विचारतात. प्रश्न रास्त आहे. तिथे म्हातारपणाच्या पेन्शनला साधारणपणे वीस वर्षांची वर्गणी लागते. मात्र युरोपीय संघाबाहेरून आलेला, १ जानेवारी १९९६ नंतर प्रथम नोकरीला लागलेला आणि मायदेशी कायमचा परतलेला कामगार याला अपवाद आहे. वीस वर्षे भरली नसली, तरी ६७ वर्षे पुरी झाल्यावर जेवढी वर्गणी तेवढी पेन्शन तो मागू शकतो. ही वयाची अट आयुर्मानाबरोबर वाढत जाते, आणि हंगामी मजुरांना हा अपवाद लागू नाही. तीन वर्षांची पेन्शन लहानच असेल. पण तिसाव्या वर्षी परतलेल्या माणसाने चिठ्ठीवर ‘पी. एफ.’ लिहून ठेवले, तर सदतिसाव्या नव्हे, सदुसष्टाव्या वर्षी अर्ज कशासाठी करायचा होता, हे त्याला आठवणार कसे?

दुसरी कपात आयकराची. त्याला तिथे ‘इर्पेफ’ म्हणतात. अंशदान वजा करून उरलेल्या रकमेवर, म्हणजे १,४५३ युरोंवर, कर बसतो. या रकमेला ‘इम्पोनीबिले’ म्हणतात आणि मराठीत ‘करपात्र रक्कम’ लिहिले की काम भागते. पहिल्या टप्प्याचा दर २३ टक्के, म्हणजे ३३४ युरो. पण तेवढे कापले जात नाहीत. त्यातून ‘देत्रात्सिओनी’, म्हणजे करातली सूट, वजा होते. इथे ‘कपात’ हा शब्द चुकून लिहू नये, नाहीतर अर्थ नेमका उलटा होतो. कामगाराच्या खिशातून जाते ती कपात, आणि कामगाराच्या करातून कमी होते ती सूट. समजा, सूट २२५ युरोंची आहे. मग प्रत्यक्ष कर १०९ युरोच उरला. सुटीचे आकडे वर्षावर्षाला आणि उत्पन्नाप्रमाणे बदलतात, म्हणून ते स्वतः मोजू नयेत, चिठ्ठीवरून उतरवून घ्यावेत.

याशिवाय प्रांताचा आणि नगरपालिकेचा असे दोन लहान उपकर असतात. त्यांचा मोठा भाग गेल्या वर्षाचा असतो आणि यंदा हप्त्याहप्त्याने कापला जातो. समजा, ते तीस युरो झाले. १,६०० मधून १४७, १०९ आणि ३० गेले. हातात १,३१४ युरो पडले.

हा हप्त्यांचा तपशील भाषांतरात जरूर असावा. त्याचे कारण शेवटच्या महिन्यात कळते. नोकरी सुटताना राहिलेले सगळे हप्ते एकदम कापले जातात आणि वर्षभराच्या कराचा मेळही तेव्हाच घातला जातो. त्यामुळे शेवटचा पगार अनपेक्षितपणे लहान दिसतो आणि मालकाने फसवले असे वाटते. ओळीशेजारी ‘गेल्या वर्षाच्या उपकराचा हप्ता’ असे लिहिलेले असले, की आधीच्या चिठ्ठ्यांतले हप्ते मोजून ती कपात बरोबर आहे की नाही हे घरी बसूनच पाहता येते.

आता चिठ्ठीच्या तळाकडे येऊ. तिथल्या एका चौकटीत टी. एफ. आर. ही तीन अक्षरे असतात. त्यांचा पूर्ण अर्थ ‘नोकरीचे नाते संपल्यावर द्यायची रक्कम’ असा होतो. मामा सहज म्हणून जातात, “ही ग्रॅच्युइटी. तिला पाच वर्षं लागतात. तुझी तीनच भरली, तेव्हा ही चौकट सोडून दे.”

सगळ्यांत महाग चूक ती हीच. ग्रॅच्युइटीच्या आपल्या १९७२ च्या कायद्याने पाच वर्षांच्या सलग नोकरीची अट घातली आणि हिशेब शेवटच्या पगारावर ठेवला. टी. एफ. आर.ला अशी वर्षांची अट नाही. पहिल्या महिन्यापासून ती जमू लागते. पंधरा दिवस किंवा अधिक भरले, तर तो महिना पुरा धरतात. नोकरी सोडली, संपली किंवा मालकाने काढले, तरी ती द्यावीच लागते.

हिशेब १९८२ च्या कायद्याने ठरलेला आहे. वर्षाच्या पगाराला १३.५ ने भागायचे आणि त्यातून अंशदानास पात्र पगाराचा अर्धा टक्का वजा करायचा. आपल्या फिटरला डिसेंबरचा तेरावा पगार धरून वर्षाला २०,८०० युरो मिळतात. भागाकार १,५४१ येतो, त्यातून १०४ गेले, उरले १,४३७. तीन वर्षांचे झाले सुमारे ४,३०० युरो. मागील डिसेंबरपर्यंत साठलेल्या रकमेवर दरवर्षी दीड टक्का आणि भाववाढीच्या तीन चतुर्थांश एवढी वाढही मिळते. भाववाढ दोन टक्के असेल, तर वाढ तीन टक्के झाली. हाती पडताना यावर वेगळा कर कापला जातो. पण ‘सोडून दे’ म्हणण्याइतकी ही रक्कम लहान नाही.

या चौकटीचे मराठी ‘सेवासमाप्तीचा निधी, महिन्याचा हिस्सा’ असे करावे आणि पुढे ‘पगारातून कापलेला नाही’ अशी टीप लिहावी. कारण ती रक्कम निव्वळ पगाराच्या हिशेबात येतच नाही. आणखी एक गोष्ट पाहायची, ती म्हणजे हिस्सा कुठे जातो. नोकरी लागल्यावर ठराविक मुदतीत लेखी काही कळवले नाही, तर तो पेन्शन फंडात वळू शकतो. मग मागणी मालकाकडे नव्हे, त्या फंडाकडे करावी लागते. ‘फोंदो पेन्सिओने’ हे शब्द दिसले, तर फंडाचे नाव अक्षरशः उतरवून घ्यावे.

मामांनी मग नवा कागद घेतला आणि त्यावर चार रकाने आखले. पहिल्यात मूळ शब्द रोमन अक्षरांत जसाच्या तसा, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात रक्कम आणि चौथ्यात ‘पैसे कुणाकडे गेले’. मूळ शब्द ठेवायचा, कारण पुढे पत्रव्यवहार त्याच शब्दाने होणार. चौथ्या रकान्यात ‘इन्प्स’, ‘करखाते’, ‘नगरपालिका’ किंवा ‘मालकाकडे जमा’ यांपैकी काही ना काही आलेच पाहिजे. जिथे लिहिता येत नाही, तिथे अर्थ लागलेला नाही असे खुशाल समजावे.

हा कागद घरच्या दप्तरासाठी आहे. परदेशी कचेरीत तो चालत नाही, तिथे मूळ चिठ्ठीच लागते. त्याचा खरा उपयोग ताडून पाहण्यासाठी. इन्प्सकडून वर्गणीचा उतारा मागवावा आणि महिना लावून तो चिठ्ठ्यांशी जुळवावा. चिठ्ठीत १४७ युरो कापलेले आहेत आणि उताऱ्यात तो महिनाच नाही, असे आढळले, तर मालकाने वर्गणी भरलेली नाही. अशा वेळी कामगाराचा हक्क बुडत नाही, मात्र वर्गणी वसूल करण्याची मुदत साधारण पाच वर्षांची असते. टी. एफ. आर. मागण्याची मुदतही नोकरी संपल्यापासून पाच वर्षेच आहे. मालकाचे दिवाळे निघाले, तर इन्प्सचा हमी निधी ती रक्कम देतो. अशा कामात कामगारांना मदत करणाऱ्या ‘पात्रोनातो’ नावाच्या संस्था इटलीत गावोगाव आहेत.

मामांनी पहिला कागद फाडून टाकला आणि नव्या कागदाच्या माथ्यावर नोकरी संपल्याची तारीख लिहिली. तिच्याखाली त्यांनी पाच वर्षांनंतरची तारीख घातली आणि लाल पेन्सिलीने तिच्याभोवती चौकट केली.