जळक्या बुचाचं सोंग

बाटलीचं बूच जाळायचं, त्याची राख कुटून पाण्यात कालवायची आणि ओठांभोवतीची जागा सोडून चेहराभर फासायची. ओठ मग लाल किंवा पांढऱ्या रंगानं भलेमोठे करायचे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत गोरे नट असे ‘काळे’ होत. १८३०च्या सुमारास थॉमस राइस या नटानं ‘जिम क्रो’ हे फाटक्या कपड्यांतलं नाचरं पात्र गाजवलं. पुढे ‘मिन्स्ट्रेल शो’ नावाचे असल्या सोंगांचे खेळ देशभर होऊ लागले. त्यांतला काळा माणूस ठरलेला: आळशी, बावळट आणि मालकाच्या मळ्यावर सुखात असलेला. दक्षिणेत तेव्हा लाखो माणसं गुलामीत होती. गुलामी कायद्यानं संपल्यावर आलेल्या वंशभेदाच्या कायद्यांना नाव पडलं तेही जिम क्रोचंच.

या सोंगाची पकड किती घट्ट होती, ते बर्ट विल्यम्सकडे पाहिलं की कळतं. बहामाजमध्ये जन्मलेला हा विनोदी नट स्वतः कृष्णवर्णीय होता, पण रंगानं उजळ. त्याचा जोडीदार जॉर्ज वॉकर त्याच्याहून सावळा. तरी रंगमंचावर वॉकर आपल्याच चेहऱ्यानं यायचा आणि विल्यम्स बुचाची राख फासून. दोघांच्या मंडळीनं १९०३ मध्ये ‘इन दहोमी’ हे कृष्णवर्णीयांनी लिहिलेलं आणि केलेलं संगीत नाटक ब्रॉडवेवर नेलं. १९१० मध्ये विल्यम्स ‘झीगफेल्ड फॉलीज’ या गोऱ्यांच्या बड्या कार्यक्रमात गेला. राख तिथंही सुटली नाही. काळ्या माणसालासुद्धा गोऱ्यांनी बनवलेला ‘काळा’ व्हावं लागत होतं. मग हा निव्वळ रंगभूषेचा प्रश्न कसा म्हणायचा?

सिनेमानं हा वारसा उचलला. ‘द बर्थ ऑफ अ नेशन’मध्ये (१९१५) गोऱ्या मुलीमागे लागणारा काळा माणूस रंग फासलेल्या गोऱ्या नटानं केला आणि क्लू क्लक्स क्लॅन ही हिंसक संघटना तारणहार ठरली. त्याच वर्षी ती संघटना नव्यानं उभी राहिली. ‘द पार्टी’मध्ये (१९६८) पीटर सेलर्सनं चेहरा तपकिरी करून वेंधळा भारतीय रंगवला. आपल्याकडेही अनेकजण त्यावर पोट धरून हसले, हेही खरंच.

नट सोंगच घेतो, बालगंधर्वांनी नाही का स्त्रिया साकारल्या, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण त्या भूमिकांत स्त्रीची टर उडवणं हा हेतू नव्हता. प्रेक्षक स्त्रिया त्यांच्यासारखी नेसण उचलत. तरीही बायकांना रंगमंचावर जागा नव्हती म्हणूनच ते चाललं, हा दोष उरतोच.

नेमका तोच दोष ‘बाला’त (२०१९) दिसला. सावळ्या रंगामुळे हिणवल्या जाणाऱ्या लतिकेच्या भूमिकेसाठी भूमी पेडणेकरचा चेहरा गडद केला गेला. सिनेमा वर्णद्वेषाविरुद्ध बोलत होता. पण ज्या सावळ्या मुलींना गोऱ्या नायिकांची कामं मिळत नाहीत, त्यांना लतिकाही मिळाली नाही.