गाडी सुटली, पासपोर्ट डब्यात : रशियात अडकलेल्यासाठी दहा-पंधरा वाक्ये

६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला, मगदान या शहरात उतरवावे लागले. विमानात २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. गावात इतक्या माणसांची सोय होईल एवढी हॉटेले नव्हती, म्हणून अनेकांना वसतिगृहासारख्या तात्पुरत्या जागी झोपावे लागले. मुंबईहून निघालेले बदली विमान पोचेपर्यंत जेवण, औषधे, फोन या साध्या गोष्टींसाठीही भाषेची अडचण येत होती, असे प्रवाशांनी सांगितले.

तिथे सगळे एकत्र होते आणि विमान कंपनी पाठीशी होती. रशियात एकटा प्रवासी अडकतो तो बहुधा रेल्वेच्या फलाटावर. मॉस्को ते व्लादिवस्तोक हा ९,२८८ किलोमीटरचा लोहमार्ग. गाडी कुठे दोन मिनिटे थांबते, कुठे अर्धा तास. लोक पाय मोकळे करायला किंवा खायला काही घ्यायला उतरतात. कोट, पासपोर्ट, पैसे सगळे डब्यात राहते आणि गाडी निघून जाते.

वाक्यांकडे वळण्याआधी उच्चाराचे थोडे. रशियन शब्दात एका अक्षरावर ठसठशीत जोर असतो. तो चुकला तर ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. पुढे ज्या अक्षराआधी ' ही खूण आहे, तिथे जोर द्यायचा आणि बाकीची अक्षरे हलकी म्हणायची. लिहिताना 'ओ' असला तरी जोर नसेल तिथे त्याचा 'अ' होतो. खालच्या वाक्यांत तो तसाच उतरवला आहे. 'ज़' हिंदीतल्या 'ज़रूरत'मधला. 'झ' मात्र 'श' म्हणता म्हणता गळ्यातून आवाज काढल्यावर जो होतो तो.

पहिले वाक्य उतरण्यापूर्वीचे आहे. प्रत्येक डब्यात परिचारिका असते, तिला "प्रवद्'नीत्सा" म्हणतात. दारात उभी असते तेव्हाच तिला विचारावे :

"'स्कोल्का स्ता'ईम?" – किती वेळ थांबणार?

उत्तर कळले नाही तर घड्याळ पुढे करावे, ती काट्यावर बोट ठेवून दाखवते. थांब्यांचे वेळापत्रकही डब्यात लावलेले असते.

आता समजा, इर्कुत्स्कच्या अलीकडे सुमारे अडीचशे किलोमीटरवर, ज़िमा स्थानकात एक प्रवासी उतरला आणि मागे राहिला. हिवाळा आहे, अंगात फक्त स्वेटर आहे. अशा वेळी फलाटावर इकडेतिकडे धावण्यात वेळ घालवू नये. सरळ इमारतीत शिरावे आणि गणवेशातील माणसाला गाठावे.

"पम'गीत्ये, प'झालस्ता." – कृपया मदत करा.
"या नि गव'र्यू प 'रूस्कि. या इज़ 'इन्दिइ." – मला रशियन येत नाही. मी भारतातून आलो आहे.
"या अत'स्ताल अत 'पोयिज़्दा." – मी गाडीतून मागे राहिलो.

बाईने "अत'स्ताला" म्हणायचे. 'राहिलो' आणि 'राहिले' असा भेद मराठीत आहे, तसाच तिथेही भूतकाळात आहे. घाईत पुरुषाने बाईचे रूप वापरले तरी अर्थ पोचतो, त्यामुळे त्यावर अडून बसू नये.

हे तिसरे वाक्य रेल्वेच्या माणसाला लगेच कळते, कारण मागे राहिलेला प्रवासी त्यांना नवा नसतो. अशा वेळी शोधायचा तो स्थानकाचा कामावर असलेला अधिकारी :

"ग्द्ये दि'झूर्निय प वग'ज़ालु?" – स्थानकाचे ड्यूटी अधिकारी कुठे आहेत?

त्यांच्यापुढे उभे राहिल्यावर दोन गोष्टी सांगायच्या : सामान कुठे आहे आणि कोणाला कळवायचे.

"मा'ई 'व्येश्शि इ 'पास्परत फ 'पोयिज़्दि." – माझे सामान आणि पासपोर्ट गाडीत आहे.
"पज़्व'नीत्ये, प'झालस्ता, न'चाल्निकु 'पोयिज़्दा." – कृपया गाडीच्या प्रमुखाला फोन करा.

इथे गाडीचा क्रमांक, डबा आणि जागा सांगता आली तरच काम पुढे सरकते. हे तीन शब्द "'पोयिस्त", "व'गोन" आणि "'म्येस्ता" असे आहेत. आकडे मात्र बोलू नयेत, कागदावर लिहून दाखवावेत. आकड्यांचे रशियन उच्चार ऐनवेळी फसवतात. तिकिटाचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तोच पुढे करावा. निरोप गेला की गाडीतले कर्मचारी सामान गोळा करून पुढच्या स्थानकावर उतरवू शकतात.

निरोप जाईपर्यंत थंडीशी गाठ असते, आणि तिथली थंडी अंगावर काढण्यासारखी नसते.

"म्न्ये 'खोलदना." – मला थंडी वाजते आहे.
"'मोझना प'ग्र्येत्सा?" – आत ऊब घेत बसू का?

खरी अडचण यानंतर येते. प्रश्न नीट विचारला की समोरचा भराभर उत्तर देतो आणि त्यातले काही कळत नाही. म्हणून उत्तराला आवर घालणारी दोन वाक्ये प्रश्नांइतकीच पाठ हवीत : "'म्येद्लिन्ना, प'झालस्ता" म्हणजे कृपया हळू बोला, आणि "नपि'शीत्ये, प'झालस्ता" म्हणजे कृपया लिहून द्या. लिहिलेला कागद भाषांतराच्या ॲपला वाचता येतो, पुढच्या माणसाला दाखवताही येतो. ऐकून ओळखायचे शब्द तीनच : "'झ्दीत्ये ज़्द्येस" म्हणजे इथे थांबा, "इ'दीत्ये ज़ म्नोय" म्हणजे माझ्यामागून या आणि "निल्'ज़्या" म्हणजे परवानगी नाही.

कोणाची तब्येत बिघडली तर वाक्ये आणखी छोटी करावीत.

"'वीज़वित्ये 'स्कोरुयु!" – रुग्णवाहिका बोलवा!
"म्न्ये 'प्लोखा." – मला बरे वाटत नाही.
"चिला'व्येकु 'प्लोखा." – या माणसाची तब्येत बिघडली आहे.
"म्न्ये 'त्रूदना दि'शात." – मला श्वास घ्यायला त्रास होतो आहे.
"उ मि'न्या अलिर'गीया न पिनित्सि'लीन." – मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे.

रुग्णवाहिकेचा क्रमांक १०३, पोलिसांचा १०२, आणि सगळ्या आणीबाणीसाठी एकच ११२. तरीही भाषा येत नसताना स्वतः फोन न केलेला बरा, कारण पलीकडचा माणूस पहिल्यांदा पत्ता विचारतो आणि तिथेच संभाषण तुटते. जवळच्या कोणाला तरी "'वीज़वित्ये 'स्कोरुयु" म्हणावे. पत्ता तो सांगेल. हाताने छाती दाखवून "बा'लीत", म्हणजे 'दुखते आहे', एवढे म्हटले तरी डॉक्टरांना दिशा मिळते.

पासपोर्ट परत मिळालाच नाही तर "पज़्व'नीत्ये फ प'सोल्स्तवा 'इन्दिइ" म्हणावे : भारतीय दूतावासाला फोन करा. दूतावास मॉस्कोत आहे. सेंट पीटर्सबर्ग आणि व्लादिवस्तोक इथे वाणिज्य दूतावास आहेत. त्यांचे क्रमांक कागदावर हवेत, कारण मोबाइलची बॅटरी थंडीत भराभर उतरते. पैशांचेही तसेच. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी मार्च २०२२ मध्ये रशियातला कारभार थांबवला, त्यामुळे भारतात काढलेली त्यांची कार्डे तिथे चालत नाहीत. फलाटावर उतरताना खिशात थोडे रूबल, पासपोर्टची छायाप्रत, तिकिटावरचे तीन आकडे आणि वरची वाक्ये लिहिलेला एक कागद ठेवावा. त्या कागदावर देवनागरीशेजारी रशियन लिपीतले वाक्यही जाणकाराकडून लिहून घेतलेले असावे, म्हणजे उच्चार फसला तरी बोट ठेवून दाखवता येते.